आंब्यात शिरून कोण बघणार?

मे महिन्यात मुंबई-गोवा महामार्गावर नांदगाव तिठ्याशी गाडी कडेला घेऊन उभी असलेली माणसं फोनमध्ये काय बघत असतात, ते एकदा नीट पाहावं. देवगडकडे वळायचं की सरळ पुढे जायचं, एवढाच प्रश्न असतो. गूगल मॅप्सवर हापूस शोधला की दुकानांची रांग येते. सगळ्यांना साधारण चार-साडेचार तारे असतात, सगळ्यांच्या खाली ‘आंबे मस्त’, ‘एकदम गोड’ असे पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू. त्यातून कळत काहीच नाही. म्हणून माणूस बोटाने वर सरकवत थेट एक तारावाला रिव्ह्यू गाठतो. तिथे कुणीतरी चिडून पण सविस्तर लिहिलेलं असतं. त्याखाली दुकानदाराचं उत्तर असतं. ते उत्तर वाचून गाडी वळते, नाहीतर वळत नाही.

दुकानदाराच्या ध्यानात हीच गोष्ट येत नाही. तो उत्तर लिहायला बसतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर भांडणारा एक माणूस असतो. वाचणारा मात्र तिसराच असतो, आणि त्याला भांडणात रस नसतो. आपल्या पेटीत असं निघालं तर हा माणूस आपल्याशी कसा वागेल, एवढंच त्याला ताडायचं असतं.

एक उदाहरण धरू. देवगड तालुक्यात रस्त्याकडेला दुकान आहे. हंगामात आंबा, बाकी वर्षभर कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी, काजूगर, मालवणी मसाला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याचं एक कुटुंब दोन डझनांची कच्ची पेटी घेऊन गेलं. १,२०० रुपये डझन, एकूण २,४००. पंधरा दिवसांनी रिव्ह्यू आला, एक तारा:

‘देवगड हापूसच्या नावाखाली शुद्ध फसवणूक. २४०० रुपये मोजले. घरी आणून पेंढ्यात ठेवले, आठवड्याने कापले तर २४ पैकी ७ आंबे आतून पांढरे, रबरासारखे, आंबूस वास. उघड आहे की केमिकल मारलेलं. फोन केला तर म्हणे “आम्ही काय आंब्यात शिरून बघतो काय?” आणि फोन ठेवून दिला. पर्यटकांना लुटायचा धंदा आहे. लांब राहा.’

आणि हे त्याखाली पडलेलं उत्तर. असं उत्तर किनाऱ्यावरच्या कुठल्याही दुकानाच्या पानावर सापडेल. बहुतेक वेळा ते मुंबईतल्या भाच्याने कुठूनतरी उचलून पाठवलेलं असतं:

‘प्रिय ग्राहक, आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. आपली गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत. आमचे दुकान गेली ३० वर्षे ग्राहकांच्या सेवेत असून आजपर्यंत एकही तक्रार आलेली नाही. आम्ही कोणतेही केमिकल वापरत नाही. आंबा हे नैसर्गिक फळ असल्याने तो आतून कसा निघेल याची जबाबदारी घेता येत नाही. कदाचित आपण आंबे योग्य प्रकारे ठेवले नसावेत. कृपया पूर्ण माहिती न घेता बदनामी करू नये. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय.’

यात असभ्य शब्द एकही नाही. तरी तिठ्यावरचा माणूस हे वाचून पुढच्या दुकानाकडे जातो. का जातो, ते वाक्यावाक्यात दिसतं.

‘गैरसोय झाली असल्यास’ इथेच गाडी रुळावरून घसरली. सात आंबे फेकावे लागले आणि फोन तोंडावर बंद झाला. त्यात ‘असल्यास’ कुठून आलं? मराठीत या ‘असल्यास’ची खोड मोठी आहे. माफी मागितल्यासारखी वाटते आणि मागितलेली नसते. झालं की नाही हे तुम्हीच ठरवा, झालं असेल तर आम्हाला वाईट वाटतं, असा तिचा सूर. शिवाय ‘गैरसोय’ हा शब्द एसटी उशिरा आल्यावर फलकावर लिहायचा. सातशे रुपयांचे आंबे उकिरड्यावर गेले त्याला नुकसान म्हणतात.

‘आजपर्यंत एकही तक्रार नाही’ हे वाक्य एका तक्रारीच्या खालीच छापून येतं, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही याचं नवल वाटतं. ‘३० वर्षे’ खरी असतील, पण सात आंब्यांशी त्यांचा संबंध काय? उलट वाचणारा म्हणतो, तीस वर्षं आंबा विकतोय आणि अजून आंबा आतून पांढरा पाडणारा साका माहीत नाही?

शेवटी ‘आपण योग्य प्रकारे ठेवले नसावेत’. सगळ्या उत्तरातलं सर्वांत महाग वाक्य हे, कारण एक तर ते खोटं आहे, आणि जाणकाराला ते खोटं आहे हे लगेच कळतं. पांढरा, रबरासारखा गर आणि आंबूस वास ही ठेवण्यातली चूक नव्हे. हा साका. तो घरच्या पेंढ्यात होत नाही. आंबा झाडावर असतानाच त्याची सुरुवात झालेली असते.

इथे थोडं थांबायला हवं, कारण उत्तर लिहिणाऱ्याला माल नीट माहीत नसेल तर शब्द कितीही मऊ वापरले तरी उत्तर पोकळच राहतं.

साका झालेला आंबा बाहेरून देखणा असतो. रंग, वास, देठाजवळचा खळगा, सगळं ठीक. कापल्यावर कोयीच्या बाजूने गराचा एक भाग फिकट, पांढुरका, कधी पोकळ्या पडलेला दिसतो. बाकीचा गर केशरी आणि गोडही असतो. त्या फिकट भागात पिष्टाची साखर व्हायची राहून गेलेली असते. कारण म्हणून जुने बागायतदार तापलेल्या जमिनीकडे बोट दाखवतात. खालून येणारी धग, कातळावरच्या बागा, काढल्यावर उन्हात पडून राहिलेली फळं. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी दुसरा धागा पकडला: फळ झाडावर फार पिकत गेलं की आतली कोय रुजायच्या तयारीला लागते आणि त्याचा फटका भोवतालच्या गराला बसतो. दोन्ही गोष्टी एकाच शहाणपणाकडे नेतात. आंबा चौदा आण्यांवर, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या थोडा आधी काढावा, पूर्ण सोळा आणे होईपर्यंत झाडावर ठेवू नये, देठासकट झेल्याने उतरवावा, सकाळी किंवा ऊन कलल्यावर काढावा आणि लगेच सावलीत न्यावा. एवढं केलं तर साका कमी होतो, नाहीसा होत नाही. ही खोड हापूसच्या जातीतच आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ साली ‘रत्ना’ ही जात दिली, तिच्यात साका होत नाही. पण गिऱ्हाईक रत्ना मागायला देवगडात येत नाही.

बाहेरून साका ओळखायचा खात्रीचा घरगुती उपाय नाही. पाण्यात बुडतो की तरंगतो यावरून फळाची तयारी कळते, साका कळत नाही. एक्स-रेखाली दिसतो, पण रस्त्याकडेच्या दुकानात एक्स-रे मशीन कोण ठेवणार? तेव्हा फोनवर दुकानदार जे बोलला ते अक्षरशः खरं होतं. आंब्यात शिरून कुणालाच बघता येत नाही.

आणि केमिकल? गिऱ्हाइकाचा तर्क इथे चुकला, पण मूर्खपणाचा नाही. कार्बाइडने आंबा पिकवायला देशात बंदी आहे. ठरावीक प्रमाणात, हवेत १०० पीपीएमपर्यंत, इथिलीन वायू वापरायला अन्नसुरक्षेच्या नियमांत परवानगी आहे. कार्बाइडचा आंबा ओळखायची साधी खूण म्हणजे साल सगळीकडून एकसारखी पिवळी, आणि आत गर सगळाच कच्चट, आंबट. साक्यात तसं नसतं. एकाच आंब्यात अर्धा गर उत्तम आणि कोयीजवळचा तेवढा खराब. शिवाय या कुटुंबाने कच्ची पेटी नेऊन आंबे स्वतःच पेंढ्यात पिकवले होते. म्हणजे दुकानदाराने केमिकल मारायचा प्रश्नच उरत नाही. हा मुद्दा दुकानदाराच्या बाजूचा, आणि त्याच्या तोंडावर यायला टपलेला. तरी तो उत्तरात आणायचा नाही. ‘पिकवले तुम्हीच, मग केमिकल आम्ही कसं मारलं?’ हे वाक्य वाद जिंकतं आणि तिठ्यावरची गाडी घालवतं.

आता रिव्ह्यू पुन्हा वाचा. त्यात चार तक्रारी आहेत: सात आंबे खराब, केमिकल, देवगड नावाची शंका आणि फोन. पहिली खरी आहे. दुसरी गैरसमज आहे. तिसरीचा निकाल रिव्ह्यूच्या खाली लागत नाही. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी, पण त्या कागदाचा आकडा फेकून अनोळखी माणसाची शंका फिटत नाही. चौथी, फोनची तक्रार खरी आहे, आणि रिव्ह्यूतली सगळी आग तिच्यातून आलेली आहे.

तारखा लावून बघितल्या तरी हे कळतं. आंबे आठवड्याने कापले, रिव्ह्यू पंधरा दिवसांनी आला. मधल्या दिवसांत माणसाने फोन केला होता. म्हणजे त्याला आधी रिव्ह्यू लिहायचा नव्हता, आधी बोलायचं होतं. फोन नीट घेतला असता तर साका म्हणजे काय ते दोन मिनिटांत कळलं असतं, सातशे रुपये परत गेले असते आणि ‘फसवणूक’ हा शब्द सुचलाही नसता. साक्याचा राग दोन दिवस टिकतो. फोन ठेवल्याचा टिकतो तो रिव्ह्यू लिहून होईपर्यंत, आणि नंतरही.

फोनवरचं ते वाक्य कसं निघालं असेल याचा अंदाज आपल्याकडच्या माणसाला करता येतो. ‘आमी काय आंब्यात शिरान बघतंव काय?’ मालवणी बोलीत हे भांडण नव्हे. शेजारचा आंबे परत घेऊन आला असता तर तो यावर हसला असता, दोन आंबे बदलून घेतले असते आणि चहा पिऊन गेला असता. समोरासमोर चेहरा असतो, आवाजातली थट्टा कळते. फोनवर पुण्याच्या कानाला त्यातलं फक्त ‘आमचा काही संबंध नाही’ एवढंच ऐकू आलं. हे समजून घ्यावं, पण उत्तरात लिहू नये. ‘आमची बोलायची पद्धतच अशी आहे’ हे स्पष्टीकरण वाचणाऱ्याला आणखी एक उद्धटपणा वाटतं.

चार तक्रारींपैकी कुठल्या दोन तक्रारींना उत्तर द्यायचं ते यातून ठरतं. फोनला आणि सात आंब्यांना. केमिकलबद्दल एका वाक्यात गरज भागते, तेही साका सांगता सांगता. देवगड नावाच्या शंकेला हात लावायचा नाही.

लिहिण्याआधी दोन कामं करायची असतात आणि ती दोन्ही वहीत होतात. पहिलं, त्या दिवशीची बिलं काढून पेटी कुठल्या बागेतली, कुठल्या तोडीची ते बघायचं आणि त्याच तोडीच्या आणखी पेट्या कुणाकडे गेल्या त्यांच्यापैकी दोघा-तिघांना फोन करायचा. त्यांच्याकडेही साका निघाला असेल तर गोष्ट एका पेटीची नाही. बागायतदाराशीही बोलावं लागेल, आणि उत्तरात ‘तुमच्याच पेटीत कसं काय’ असा सूर चुकूनही येऊ नये एवढं कळतं. दुसरं, गिऱ्हाइकाचा नंबर बिलावर असेल तर आधी त्याला फोन करायचा आणि सातशे रुपये पाठवायचे. फोटो मागायचा नाही. सात आंब्यांसाठी पुरावा मागणारा दुकानदार पुढच्या रिव्ह्यूचं साहित्यच पुरवत असतो. बदली आंबे पाठवू नयेत असं माझं मत, मेअखेर पार्सलमध्ये दोन दिवस तापलेले आंबे गेले तर त्यातही काहीतरी निघायचं. पैसे बरे.

एक गोष्ट मात्र करायची नाही. ‘पैसे देतो, रिव्ह्यू काढा’ असा सौदा. गूगलच्या नियमांत रिव्ह्यू बदलण्यासाठी किंवा काढण्यासाठी काही देऊ करणं बसत नाही, आणि नियम बाजूला ठेवला तरी तो माणूस दुसऱ्या दिवशी तेच वाक्य रिव्ह्यूत जोडतो. पैसे आंब्यांचे आहेत, ताऱ्यांचे नाहीत. तसंच घरातल्यांना सांगून पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू टाकवून घेणं. ग्राहक बनून स्वतःच्या मालाचे रिव्ह्यू लिहायला विक्रेत्याला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत मनाई आहे. गावातल्या दुकानाला ते नियम लागू पडोत न पडोत, एका दिवसात आलेले सहा ‘खूप छान’ वाचणाऱ्याला लांबून ओळखू येतात.

रिव्ह्यू काढून टाका म्हणून तक्रार नोंदवण्याचं बटण असतं. ते शिवीगाळ, खोटी ओळख, भलत्याच दुकानाचा रिव्ह्यू यांसाठी. कडक असणं हा रिव्ह्यूचा दोष मानला जात नाही. इथे ते दाबून वेळ घालवू नये.

आता उत्तराचा पहिला कच्चा खर्डा. रागाचा भर ओसरल्यावर, रात्री दुकान बंद करून, वहीत लिहिलेला:

‘नमस्कार, आपल्या पेटीत सात आंबे खराब निघाले याचे वाईट वाटले. त्या दिवशी दुकानात खूप गर्दी असल्याने फोनवर नीट बोलता आले नाही. आंब्यात साका होणे हे नैसर्गिक असून बाहेरून ओळखता येत नाही. आम्ही केमिकल वापरत नाही याची खात्री बाळगावी. आपले पैसे परत करण्यास आम्ही तयार आहोत.’

छापील उत्तरापेक्षा हे पुष्कळ बरं. तरी अजून अडतं. ‘गर्दी असल्याने’ हे कारण खरं असेल, पण माफीच्या शेजारी ठेवलेलं कारण माफी खाऊन टाकतं. ‘फोनवर नीट बोलता आले नाही’ यात बोलणाराच गायब आहे. जणू बोलणं आपोआप बिघडलं. मराठी क्रियापदाची ही सोय आपण रोज वापरतो. ‘काच फुटली’, ‘फोन ठेवला गेला’. उत्तरात ती सोय नको. फोन कुणी ठेवला? मी. मग ‘मी ठेवला’. ‘साका होणे नैसर्गिक’ इथे ‘नैसर्गिक’ शब्दाने हात झटकले जातात. आणि ‘तयार आहोत’ म्हणजे अजून दिलेले नाहीत, तुम्ही मागा मग बघू.

भाषेतही एक अडचण आहे. ‘आपण’, ‘बाळगावी’, ‘करण्यास’ ही सरकारी पत्राची भाषा. दुकानात आलेल्या पुणेकराला हाच दुकानदार ‘तुम्ही’ म्हणतो, ‘कापून बघा’ म्हणतो. त्याने ‘तुम्ही’च लिहावं. मोठ्या माणसाला ‘तुम्ही’ म्हणण्यात अपमान नाही, आणि ‘आपण’मधला तो एक हात लांबचा थंडपणाही त्यात नाही. ‘झाले’, ‘केले’ ऐवजी ‘झालं’, ‘केलं’ लिहिलं तरी अर्धी कवायत उतरते. रिव्ह्यू मराठीत आहे तर उत्तर मराठीतच. इंग्रजीत आला असता तर साध्या इंग्रजीत, भाच्याच्या नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिली गाडी यायच्या आत, खर्डा पुन्हा लिहिला तर तो असा होतो:

‘नमस्कार. तुमचा फोन मीच घेतला होता आणि मीच ठेवला. ते चुकलं. तुम्ही भांडायला नव्हे, सांगायला फोन केला होता, तो ऐकून घ्यायला हवा होता. माफ करा.

सात आंब्यांचे सातशे रुपये आज सकाळी तुम्हाला पाठवले आहेत.

तुम्ही वर्णन केलंय तो साका. हापूसमध्ये तो झाडावरच सुरू होतो, बाहेरून दिसत नाही आणि कापल्यावर कोयीजवळ पांढरा गर सापडतो. औषधाचा किंवा तुम्ही ठेवण्याचा त्यात दोष नाही. पण पेटी विकताना हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं, मे महिन्यात तर नक्कीच.

आजपासून प्रत्येक पेटीत चिठ्ठी आहे: साका निघाला तर आंब्यामागे पैसे परत, पंधरा दिवसांत फोन करा. फोन मी घेईन.’

खाली स्वतःचं नाव. ‘व्यवस्थापन’ नाही, दोन फळ्यांच्या दुकानाला व्यवस्थापन नसतं.

क्रम बघा. फोन आधी, पैसे मग, साका तिसरा. पहिल्या खर्ड्यात साका मध्येच येत होता, म्हणून तो सबबीसारखा वाटत होता. तीच माहिती माफी आणि पैसे देऊन झाल्यावर आली की समजावून सांगितल्यासारखी वाटते. साक्याला तीनच वाक्यं दिली आहेत. चौदा आणे, तापलेला कातळ, कोयीचं रुजणं हे सगळं खरं असूनही इथे नको. ते विचारणाऱ्याला फोनवर सांगावं. लांब उत्तर स्क्रीनवर दुमडलं जातं आणि वरच्या दोन-तीन ओळीच दिसतात. तिठ्यावरच्या माणसाला त्या ओळींत ‘मीच ठेवला, ते चुकलं’ हे दिसलं पाहिजे.

‘फसवणूक’, ‘लूट’, ‘केमिकल’ हे शब्द उत्तरात कुठेही नाहीत, हेही बघून ठेवण्यासारखं. नाकारण्यासाठी का होईना, दुकानदाराने ‘आम्ही फसवणूक करत नाही’ लिहिलं की तो शब्द एकाच पानावर दोनदा झाला, एकदा गिऱ्हाइकाच्या नावाने आणि एकदा आपल्या. ‘औषधाचा दोष नाही’ एवढ्यात केमिकलचं काम होतं. गिऱ्हाइकाचं नाव, बिलाचा आकडा, फोन नंबर हेही उत्तरात नाही. हिशेब वहीत असतो, चारचौघांत वाचायचा नसतो.

नंबर बिलावर नसेल, नावावरून पेटी ओळखू येत नसेल, तर पैशांचं वाक्य बदलतं: ‘सात आंब्यांचे पैसे परत करायचे आहेत, पण बिलावर तुमचा नंबर नाही. दुकानाच्या नंबरावर फोन केलात तर लगेच पाठवतो.’ अशा वेळी ‘आमच्या नोंदीत आपले नाव आढळत नाही’ हे वाक्य हातून सुटू नये याची काळजी घ्यायची. ते खरं असलं तरी वाचणाऱ्याला त्याचा अर्थ ‘तुम्ही खोटं बोलताय’ असाच लागतो. आणि ते खरं नसण्याचीही शक्यता असते, कारण रिव्ह्यू मुलीच्या खात्यावरून आलेला असतो आणि पेटी वडिलांनी नेलेली.

चिठ्ठीची गोष्ट सर्वांत अवघड. उत्तरात ‘आजपासून चिठ्ठी आहे’ लिहिलं तर उत्तर टाकण्याआधी चिठ्ठ्या छापून पेट्यांत पडलेल्या हव्यात. आधी लिहू, मग छापू असं झालं की पुढचाच गिऱ्हाईक पेटी उघडून चिठ्ठी शोधतो, आणि ती नसते. चिठ्ठीत कायदा लिहायचा नाही, चार ओळी पुरतात: आंबा किती दिवसांत पिकेल, कसा ठेवायचा, साका म्हणजे काय, निघाला तर कुणाला फोन करायचा. पंधरा दिवस यासाठी की कच्चा आंबा आढीत तयार व्हायलाच आठ-दहा दिवस जातात. सात दिवसांची मुदत घातली तर आंबा पिकायच्या आधीच ती संपते. दुकानदाराने मुद्दाम केलं नसलं तरी तीही एक तक्रारच होते. आणि मेमधल्या प्रत्येक तोडीतले तीन पिके आंबे विकण्याआधी स्वतः कापून बघावेत. तीन आंब्यांवरून सगळ्या तोडीचं भविष्य कळत नाही, पण कापलेल्या तिन्हींत साका निघाला तर त्या दिवशी ती तोड पेटीत भरण्याऐवजी रसाला गेलेली बरी.

खर्चाचा धसका बहुतेकांना असतो. साक्याचे पैसे परत द्यायचे म्हटलं तर धंदा कसा चालायचा? त्याचा हिशेब गिऱ्हाइकाशी नाही, बागायतदाराशी करायचा. तोड घेतानाच बोलून ठेवायचं की साक्याची परतफेड अमुकच्या वर गेली तर निम्मा भार तुमचा. बागायतदारही मग चौदा आण्यांवर आंबा काढायला जरा जास्त लक्ष देतो.

पुण्याचा माणूस यावर काय करेल ते सांगता येत नाही. उत्तर आल्याची सूचना त्याला जाते. तो रिव्ह्यू बदलून दोन तारे करेल, तीन करेल, किंवा काहीच करणार नाही. त्याला पुन्हा फोन करून ‘आता तारे वाढवा ना’ म्हणू नये. झालं ते पुरे.

पाऊस लागला की आंब्याचा फळा उतरतो आणि दर्शनी काउंटरवर कोकम आणि आंबापोळी येतात. रिव्ह्यू आणि त्याखालचं उत्तर तिथेच राहतं, वर्षभर. पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये पहिली पेटी आली की ते उत्तर एकदा उघडून वाचावं, आणि हातातली पेटी उघडून बघावी, चिठ्ठी आहे का. नसली तर दुकानदाराला आपलं उत्तर बदलता येतं, पण चिठ्ठी टाकणं सोपं.